तीन ग्लास, एकच दारू: प्रकल्प नोंदी

२ मार्च

रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा झाला. रात्री गच्चीवर पुरुषमंडळी बसली होती. मी चकण्याची ताटली घेऊन वर गेले तेव्हा मामा माझ्या दादाला सांगत होते, "अरे, कोरी कशाला घेतोस? सोडा मार भरपूर. पातळ झाली की हळू चढते." दादाने ६० एमएलवर ग्लास भरून सोडा ओतला आणि चार घोटांत संपवला. पलीकडे बसलेले काका तेवढीच कोरी घेऊन अर्धा तास चाखत होते. कोणाला आधी चढली हे सांगायची गरज नाही.

मी फार्मसी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दर वर्षी पहिल्या वर्षाला मद्यार्काचं शोषण शिकवताना "पोटात थोडं, लहान आतड्यात बरंच" एवढं एक वाक्य सांगून मी पुढे जाते. मामांच्या दाव्याला ते वाक्य पुरत नाही. या सत्रात मुलांसाठी एक तक्ता आणि संगणकावर चालणारा छोटा नमुना करायचं ठरवलं. तीन ग्लास, तिन्हीत तेवढीच दारू: एकात कोरी, एकात साधं पाणी, एकात सोडा. कोणती रक्तात आधी पोहोचते आणि का?

५ मार्च

पहिला कच्चा आराखडा वहीत मांडला आणि संध्याकाळी खोडला. मी मामांसारखाच विचार केला होता: द्रव जितका तीव्र, तितका अस्तराच्या दोन बाजूंमधला फरक मोठा, म्हणून शोषण जोरात. विसरणाचा नियम म्हणून हे बरोबर आहे. मद्यार्काचा रेणू लहान आहे, पाण्यातही मिसळतो आणि पेशीच्या पटलातूनही सहज जातो. त्याला कुठल्या वाहकाची गरज नसते. मग तीव्र दारूच आधी शिरायला हवी.

चूक जागेची होती. जठराचं अस्तर जाड आहे, त्यावर श्लेष्माचा थर आहे आणि क्षेत्रफळ बेताचंच. लहान आतड्याला घड्या, त्यांवर बोटांसारखे बारीक उद्वर्ध, त्यांवर आणखी सूक्ष्म केसर. हे सगळं पसरलं तर एकट्या आतड्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस मीटर भरतं, म्हणजे दोन मोठ्या खोल्यांची फरशी. दारू तिथे पोहोचली की काही मिनिटांत रक्तात जाते. त्यामुळे वेग ठरतो तो ती तिथे कधी पोहोचते यावर. जठर आणि आतडं यांच्यामध्ये पायलोरस नावाचं स्नायूचं दार आहे. ते किती वेळा आणि किती उघडतं, त्यावर पुढचा सगळा खेळ आहे.

कोरी दारू या दाराला मानवत नाही. साधारण २० ते ३० टक्क्यांच्या वर मद्यार्क गेला की अस्तर चुरचुरतं, श्लेष्मा वाढतो, दार आवळतं आणि जठराची हालचाल मंदावते. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम असते ४२.८ टक्के. ती पोटात गेली की थोडा वेळ अडकून पडते. पाणी घातलं की ती या रेषेच्या खाली येते आणि दाराला आवळायचं कारण उरत नाही. म्हणजे पातळ केलेली दारू तोंडाला सौम्य लागते, पण पुढे लवकर सुटते.

आकडे घालून पाहिलं. ६० एमएल, ४२.८ टक्के, म्हणजे शुद्ध मद्यार्क २५.७ एमएल. त्यात १२० एमएल सोडा टाकला तर ग्लासात १४ टक्के. काकांची कोरी मात्र ४२.८ टक्केच राहते का? नाही. रिकाम्या पोटातही थोडा जठररस असतो. तो ३० एमएल धरला तर ६० चे ९० एमएल होतात आणि तीव्रता २८ टक्क्यांवर येते. म्हणजे कोरी दारूही पोटात गेल्या गेल्या पातळ व्हायला लागते. तिला लागणारा ब्रेक सुरुवातीचा आहे, कायमचा नाही. वर्गात हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर "कोरी म्हणजे सुरक्षित" असा उलटा गैरसमज बसेल. आणि त्या चुरचुरण्याने अस्तराला होणारी इजा वेगळीच.

९ मार्च

माझा हा तर्क कोणी मोजून पाहिलाय का, हे शोधताना इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा २००७ मधला अभ्यास हाती लागला. माझेच तीन ग्लास: कोरी व्होडका, व्होडका अधिक साधं पाणी, व्होडका अधिक कार्बोनेटेड पाणी. कोरी ३७.५ टक्के, बाकी दोन्ही त्याच्या निम्म्या तीव्रतेच्या. २१ जणांनी वेगवेगळ्या दिवशी तिन्ही प्यायल्या आणि चार तास त्यांच्या श्वासातला मद्यार्क मोजला. २१ पैकी २० जणांच्या शरीरात पातळ केलेल्या दोनपैकी निदान एक पेय तरी कोऱ्यापेक्षा वेगाने शोषलं गेलं. मामांच्या सिद्धान्ताची बाजू घेणारा एकच माणूस निघाला.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. फसफसणाऱ्या पाण्याने १४ जणांमध्ये शोषणाचा वेग वाढला, उरलेल्या ७ जणांमध्ये काही फरक पडला नाही किंवा वेग उलट कमी झाला. सरासरी काढली तर सोडा साध्या पाण्याच्या बराच पुढे आहे. पण सरासरीत ते सात जण दिसत नाहीत. पाण्याचा परिणाम जवळपास सगळ्यांवर होतो, बुडबुड्यांचा बहुतेकांवर. तक्त्यावर या दोन गोष्टींना एकाच जाडीचा बाण द्यायचा नाही.

१५ मार्च

बुडबुडे नेमकं काय करतात? वायू जठराच्या वरच्या, फुगऱ्या भागात साठतो, भिंत ताणली जाते, आतला दाब वाढतो आणि द्रव खालच्या टोकाकडे, दाराकडे ढकलला जातो. हे स्पष्टीकरण सगळीकडे दिलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. पण ग्लासातला वायू पोटात पोहोचतो तरी किती? ते मोजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

६०० एमएलची सोड्याची सीलबंद बाटली थंड करून, बाहेरून पुसून, वजन केली. मग झाकण हळूहळू सैल करत, हलवत, वायू जाऊ दिला. रात्रभर उघडी ठेवून सकाळी झाकणासकट पुन्हा वजन केलं. सुमारे ४ ग्रॅम कमी. कार्बन डायऑक्साइडचं लिटरमागे वजन आपल्या हवेत १.८ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे त्या बाटलीत सव्वादोन लिटर वायू कोंबलेला होता. १२० एमएल सोड्याच्या वाट्याला सुमारे ०.८ ग्रॅम, साडेचारशे एमएल वायू.

दुसऱ्या बाटलीवर ओतण्याचं मोजमाप. भरलेली बाटली आणि रिकामा ग्लास एकत्र काट्यावर ठेवून वजन घेतलं. काट्यावरून उचलून, नेहमीसारखा उंचावरून सोडा ओतला आणि दोन्ही परत काट्यावर. जे वजन घटलं तो हवेत गेलेला वायू. सोडा थंड नसताना, बर्फाच्या खड्यांवर ओतल्यावर सुमारे ०.३ ग्रॅम गेला. खडे खरखरीत असतात, त्यांवर बुडबुडे भराभर धरतात. चमच्याने ढवळून पंधरा मिनिटं ठेवल्यावर आणखी ०.२. राहिला जेमतेम ०.३ ग्रॅम. तोच सोडा फ्रीजमधून काढून, ग्लास तिरपा धरून, बर्फाशिवाय ओतला तेव्हा ओतताना काट्याला जेमतेम ०.१ चा फरक जाणवला.

म्हणजे "सोडा टाकला" हे एकच माप नाही. थंडगार सोडा ओतून लगेच पिणारा आणि बर्फात सोडा घालून अर्धा तास घोट घेणारा, यांच्या पोटात जाणारा वायू दुपटीहून अधिक फरकाने वेगळा असू शकतो. पोटात गेल्यावर द्रव ३७ अंशांना तापतो. त्या तापमानाला पाण्यात विरघळून राहणारा वायू थंड पाण्यातल्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून बाकीचा मोकळा होतो. काही ढेकरेतून बाहेर जातो, काही रक्तात विरघळतो.

१६ मार्च

कालच्या प्रयोगाचा एक फायदा ध्यानात आला. सोडा आणि पाणी यांची तुलना करताना चव, क्षार आणि तापमान यांचाही फरक पडतो. बुडबुड्यांचाच परिणाम पाहायचा तर तोच सोडा, पण वायू काढलेला, असा जोडीदार हवा. सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी शॅम्पेनवर हेच केलं होतं. १२ जणांना एकदा फसफसणारी आणि एकदा वायू काढलेली तीच शॅम्पेन दिली. तो अभ्यास २००३ मध्ये छापला गेला. पहिल्या वीस मिनिटांत फसफसणारीने रक्तातला मद्यार्क जास्त चढवला. नंतर दोन्ही रेषा जवळ आल्या.

पहिली वीस मिनिटं. हा शब्दप्रयोग मला नमुन्यात जपायचाय.

२२ मार्च

आज नमुना चालू झाला. तो मुद्दाम अगदी साधा ठेवलाय. दार किती उघडं आहे हे एकाच आकड्याने सांगायचं: जठरातली निम्मी दारू पुढे जायला लागणारी मिनिटं. त्याला `T` म्हटलं. आतड्यात गेलेली दारू लगेच रक्तात, असं धरलं.

उदाहरणातला माणूस: ७० किलोचा पुरुष, रिकामं पोट, ६० एमएल एका घोटात. मद्यार्क २५.७ एमएल, त्याची घनता ०.७८९, म्हणजे २०.३ ग्रॅम. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने वजनाला पुरुषासाठीच्या ०.६८ ने गुणायचं: ४७.६ किलो. २०.३ ग्रॅम त्यात पसरले तर १०० एमएल रक्तात ४३ मिलिग्रॅमच्या आसपास. ही छत. सगळी दारू एका क्षणात शोषली गेली तरी याच्या वर जाता येत नाही. यकृत हा आकडा तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवतं, म्हणजे मिनिटाला ०.२५ ने.

```python
def C(t, T, chhat=43):
    return chhat*(1 - 2**(-t/T)) - 0.25*t

for T in (10, 21, 36):
    t = max(range(181), key=lambda m: C(m, T))
    print(T, t, round(C(t, T), 1))
```

उत्तर:

```
10 36 30.5
21 53 22.3
36 62 14.5
```

डावीकडे दार, मध्ये शिखराला लागलेली मिनिटं, उजवीकडे शिखर. दारू तीच, माणूस तोच. दार झपाट्याने मोकळं होत असेल तर शिखर ३०, रेंगाळत असेल तर १४. वीस मिनिटांवरचे आकडे तर आणखी बोलके आहेत: २७, १६ आणि ९. पावणेतीन तासांच्या सुमारास तिन्ही रेषा शून्यापाशी एकत्र येतात. पातळ केल्याने दारू कमी होत नाही, लवकर संपतही नाही. फरक आहे तो चढतीचा, आणि माणसाला ती चढतीच जाणवते. रक्तात तेवढाच मद्यार्क असला तरी आकडा वर जात असताना माणूस उतरतीपेक्षा जास्त डळमळतो, हे एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं होतं.

२१ आणि ३६ मी मनाने घेतलेले नाहीत, त्याबद्दल पुढच्या वेळी. १० मात्र कल्पनेतला आहे, दार सताड उघडं असतं तर काय झालं असतं ते पाहायला. कोऱ्या दारूला मी एकच `T` देत नाही. तिचं दार आधी आवळतं आणि मग सैल होतं. एक आकडा दिला तर तो खोटा ठरेल.

२९ मार्च

नमुना प्रत्यक्षाशी ताडला आणि तोंडघशी पडला.

२१ आणि ३६ मिनिटं आली ती ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधून. तिथे २००६ मध्ये दहा निरोगी पुरुषांना ६०० एमएल पेयातून ३० ग्रॅम मद्यार्क दिला. एकदा साखरेचं पेय, एकदा साखरेऐवजी कृत्रिम गोडी असलेलं. साखरेच्या पेयातली निम्मी दारू जठराबाहेर पडायला ३६ मिनिटं लागली, बिनसाखरेच्या पेयात २१. साखर आतड्यात पोहोचली की आतडं दाराला "थांब" असा निरोप पाठवतं, म्हणून दार मंदावतं. डाएट पेयात तो निरोप जात नाही. रक्तातली शिखरं: साखरेचं ३४, डाएट ५३.

माझ्या नमुन्यात ३० ग्रॅम घातले (छत ६३) तर येतात २९ आणि ३९. दिशा बरोबर, पण दोन्ही आकडे कमी आणि त्यांच्यातलं अंतरही कमी. खऱ्या माणसात १९ चं अंतर, माझ्याकडे १०.

पहिला विचार आला, जठराच्या भिंतीतूनही थोडं शोषण होतं, ते मी धरलं नव्हतं. ते घातलं, निम्मं व्हायला तासभर असं समजून. शिखरं वर गेली खरी, ४४ आणि ३८ वर. पण अंतर १० वरून ६ वर आलं! हे सुधारणेच्या उलट झालं. दहा मिनिटं रागावून पाहत बसले, मग डोक्यात प्रकाश पडला. भिंतीतून जर खरंच चांगलं शोषण होत असतं, तर दार उघडं की बंद याने काही बिघडलं नसतं. दोन्ही पेयं सारखीच चढली असती. खऱ्या माणसांत अंतर मोठं आहे, याचाच अर्थ भिंतीचा वाटा छोटा आहे. फसलेल्या दुरुस्तीनेच दाराच्या बाजूने साक्ष दिली. हे मी वर्गात असंच, फसण्यासकट दाखवणार आहे.

उरलेला फरक कुठून येतो त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, बिनसाखरेचा द्रव सुरुवातीला एकदम लोंढ्याने बाहेर पडतो. माझी अर्धी-अर्धी घट तो लोंढा सपाट करून टाकते. दोन, दारू हळूहळू आली तर यकृत पहिल्याच फेरीत तिचा मोठा हिस्सा गाठतं, लोंढ्याने आली तर त्याच्या हातून बरीच निसटते. नमुन्यात दोन्ही नाहीत. शिवाय अ‍ॅडलेडचा ग्लास ६०० एमएलचा होता, माझा १८० चा. जास्त द्रवाने जठर जास्त ताणलं जातं आणि जोराने रिकामं होतं. त्यामुळे तिथली मिनिटं माझ्या पेगाला जशीच्या तशी लागू होतील असं नाही.

नमुना कमी दाखवतो, ही गोष्ट तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहायची. जास्त दाखवला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

५ एप्रिल

सुट्टी म्हणून दादा आला होता. ओळखीच्या डॉक्टरांकडून श्वासातला मद्यार्क मोजणारं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं होतं. दादाला तेवढंच माप दिलं, ६० एमएल आणि थंड सोडा. आज तो कुठेच जाणार नव्हता, गाडीची किल्ली माझ्याकडे.

पिऊन तीन मिनिटांनी फुंकायला लावलं. आकडा ८० च्या वर. दादा घाबरला, म्हणाला, "अगं, एवढ्यात एवढी कशी चढेल?" मी त्याला वहीतली छत दाखवली. त्याचं वजन ७० किलोच आहे. सगळी दारू एका क्षणात रक्तात गेली असती तरी ४३ च्या वर जाऊ शकत नव्हती. म्हणजे यंत्राने रक्त मोजलंच नाही, तोंडात चिकटून राहिलेली दारू मोजली. म्हणूनच पिल्यानंतर पंधरा मिनिटं थांबून मग फुंकायचं असतं.

पंधरा मिनिटं थांबलो. चौदाव्या मिनिटाला दादाने मोठी ढेकर दिली. आकडा पुन्हा वर. सोड्याने जठरात साठलेला वायू वर येताना सोबत दारूची वाफ आणतो. म्हणजे पंधरा मिनिटांचं घड्याळ ढेकरेपासून पुन्हा लावायचं. सोडा पिणारा माणूस तासात कितीदा ढेकर देतो? आम्ही तीनदा घड्याळ लावलं आणि दर वेळी ते मोडलं. शेवटी सोड्याचे आकडे मी वहीत नोंदवलेच नाहीत. जे मोजायचं होतं त्यात मोजमापच गुंतलं होतं.

पडताळा मात्र कायमचा मिळाला: वजनावरून छत काढा. आकडा तिच्या बराच वर गेला तर तो रक्ताचा नाही.

१२ एप्रिल

एका विद्यार्थिनीने मसुदा वाचून विचारलं, "मॅडम, बिअरमध्येही गॅस असतो, पातळही असते. मग ती सगळ्यात आधी चढायला हवी ना?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. शोधलं तेव्हा अमेरिकेतलं २०१४ चं एक मोजमाप मिळालं. १५ पुरुष, रात्रभर उपाशी, वजनाच्या प्रमाणात तेवढाच मद्यार्क, वीस मिनिटांत संपवायचा. २० टक्क्यांची व्होडका-टॉनिक ३६ मिनिटांत शिखरावर गेली, शिखर ७७. वाइन ५४ मिनिटांत, शिखर ६२. बिअर ६२ मिनिटांत, शिखर ५०. बिअरमध्ये वायू असूनही ती सगळ्यात मागे.

याने माझ्या तक्त्यातला एक बाण वाकवावा लागला. पातळ केल्याने वेग वाढतो तो एका मर्यादेपर्यंत. ४२.८ वरून १५-२० वर आणलं तर दाराचं आवळणं जातं, हा फायदा. त्याहून पातळ करत ५ वर नेलं तर आवळणं आधीच गेलेलं असतं, आणि तेवढ्याच मद्यार्कासाठी दारातून जायचा द्रव तीन-चार पट होतो. २०.३ ग्रॅम मद्यार्क ५ टक्क्यांच्या बिअरमधून घ्यायचा तर पाचशे एमएलहून जास्त द्रव पोटात जातो. वर बिअरमध्ये पिष्टमय पदार्थही असतात, ते आतड्याकडून "थांब" म्हणवतात. वायू लावतो तो जोर एवढ्या सगळ्याला पुरत नाही.

म्हणजे सगळ्यात वेगवान पट्टा मधला आहे, साधारण १० ते ३० टक्क्यांचा. दुर्दैवाने आपला नेहमीचा "एकास दोन सोडा" बरोबर त्यात बसतो.

त्या मुलीचं नाव तक्त्यावर देणार आहे.

१८ एप्रिल

मडगावला आत्याकडे. उर्राकचे दिवस. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस एकदाच गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. उर्राक साधारण १५ टक्के, फेणी त्याच्या जवळपास तिप्पट. आतोबांनी ग्लासात उर्राक ओतली, वर लिम्का, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची.

मी तो ग्लास हातात धरून बराच वेळ पाहत होते. उर्राक मुळातच त्या वेगवान पट्ट्यात आहे, तिला पातळ करायचीही गरज नाही. लिम्काने ती आठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि बुडबुडे मिळतात, पण लिम्कात साखर आहे, ती दार मंदावते. तेच डाएट पेय असतं तर? अ‍ॅडलेडवाले आकडे आठवले. आतोबा म्हणाले, "उर्राक फसवी गो. सरबतासारखी जाते, उठल्यावर कळतं." उन्हात, थंड, आंबटगोड, घोट मोठे. पिण्याचा वेग हा माझ्या नमुन्यात नसलेला आणखी एक आकडा आहे. मी सगळी दारू एका घोटात धरली होती. कोरी कोणी गटागट पीत नाही, घसा जाळते. पातळ, थंड, फसफसणारी मात्र तहान भागवल्यासारखी जाते. जठराच्या दाराआधी घशाचं दारही तिने मोकळं केलेलं असतं.

जेवल्यानंतर काय, हेही आतोबांनी विचारलं. पोटात जेवण असेल तर बुडबुड्यांचा फारसा भरवसा नाही. १९९७ च्या एका अभ्यासात जेवणासोबत कार्बोनेटेड पाणी दिलं तेव्हा जठर रिकामं व्हायचा एकूण वेग बदलला नाही, फक्त अन्न वरच्या भागात जास्त थांबलं. भरल्या पोटी दाराची किल्ली जेवणाकडे असते. चकणा आधी की पेग आधी, हा क्रम सोडा की पाणी यापेक्षा मोठा आहे.

२४ एप्रिल

तक्ता छापायला दिला. शेवटच्या क्षणी एक गोष्ट काढून टाकली.

आलेखावर मी ३० मिलिग्रॅमवर लाल आडवी रेघ मारली होती, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा. परवा एका मुलाने पडद्यावर `T` बदलून पाहिलं, २१ ची रेषा लाल रेघेखाली राहिली आणि तो शेजारच्याला म्हणाला, "एक लार्ज चालतो बघ." मी तिथेच गप्प झाले. माझा नमुना अ‍ॅडलेडच्या माणसांपेक्षा १४ मिलिग्रॅम कमी दाखवतो हे त्याच पानावर लिहिलेलं होतं, तरी डोळा रेघेकडेच गेला. मँचेस्टरचे सात जण, दादाची ढेकर, बर्फावर उडालेला वायू, यांतलं काहीच त्या रेघेत मावत नाही.

रेघेच्या जागी आता वीस मिनिटांवर एक उभी पट्टी आहे आणि तिच्यावर २७, १६, ९ हे तीन आकडे. खाली तीन ग्लासांची चित्रं. सोड्याच्या ग्लासाचा बाण तुटक काढलाय, एकवीस ठिपक्यांचा, त्यातले सात रिकामे.

मामांना तक्त्याचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "म्हणजे मी साखरपुड्याला पोराला उलटं सांगितलं की गं." मग थोडं थांबून विचारलं, "आणि लिंबू-पाण्यात घेतली तर? साखर घालून?" मी म्हटलं, हळू चढेल, पण मामा, दारू तेवढीच. सोमवारी सकाळी पहिला तास आहे.